पंख्याचे जास्तीचे पैसे किती महिन्यांत फिटतात? सोलापुरातल्या एका हॉलचा हिशेब

२०२४च्या फेब्रुवारीच्या शेवटी आत्याच्या हॉलमधला पंखा जळाला. सोलापुरात तेव्हा दुपारचा पंखा सुरू झालेला असतो, त्यामुळे निर्णय लगेच घ्यायचा होता. वाइंडिंगवाला म्हणाला, ४५० रुपयांत नवी कॉइल भरून देतो. दुकानात साधा, एक स्टारचा पंखा १,६०० ला होता आणि पाच स्टारचा, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा पंखा २,८५० ला. दुकानदार म्हणाला, "ताई, पाच स्टारचा घ्या, वरचे पैसे चार महिन्यांत सुटतात." आत्याने मला फोन केला. "चार महिन्यांत खरंच सुटतात का रे? तू हिशेब करून सांग."

मी हिशेब केला. उत्तर चार महिने आलं नाही, चौदा आलं. तरीही आत्याने पाच स्टारचाच पंखा घेतला, आणि तो निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. चार आणि चौदा यांत एवढं अंतर का पडलं, हे समजलं की कुठल्याही पंख्याचा किंवा बल्बचा हिशेब तुम्हाला स्वतः करता येईल. लागतात चार आकडे: किमतीतला फरक, वॉटमधला फरक, रोजचे तास आणि वाचलेल्या युनिटचा दर.

```
महिन्याला वाचलेली युनिट = वॉटमधला फरक × रोजचे तास × ३० ÷ १०००
महिन्याची बचत = वाचलेली युनिट × दर
फिटायचे महिने = किमतीतला फरक ÷ महिन्याची बचत
```

सूत्र सोपं आहे. चूक होते ती आकडे भरताना.

किमतीतला फरक: कशाशी तुलना करताय?

आधी स्वतःला विचारायचं, हा पंखा घेतला नाही तर मी काय करणार? त्याच्या उत्तरावर सगळा हिशेब अवलंबून आहे.

पंखा जळालाय आणि नवा घ्यायचाच आहे, तर दोन नव्या पंख्यांच्या किमतीतला फरक तेवढा धरायचा. आत्याच्या बाबतीत तो २,८५० वजा १,६००, म्हणजे १,२५० रुपये. पंखा काढण्या-बसवण्याची मजुरी दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती हिशेबात येत नाही.

पंखा धडधाकट चालतोय आणि केवळ विजेसाठी बदलायचा आहे, तर नव्या पंख्याची पूर्ण किंमत धरावी लागते. त्यात बसवायची मजुरी मिळवायची आणि जुन्या पंख्याचे भंगारवाला जे देईल ते वजा करायचे. मजुरी १५० आणि भंगाराचे २०० धरले तर खर्च २,८०० होतो. खर्च दुपटीहून जास्त, पण वॉटमधला फरकही मोठा. त्याकडे पुढे येतोच.

तिसरी वाट रिवाइंडिंगची. ती स्वस्त वाटते म्हणून बरेच जण तीच धरतात. पण कॉइल नवी भरली तरी पंखा जुन्याच घडणीचा राहतो आणि आधी जेवढी वीज खायचा तेवढीच खातो. कॉइल नीट भरली नसेल तर थोडी जास्तच. म्हणून रिवाइंडिंगशी तुलना करताना ४५० रुपयांच्या जोडीला जुन्या पंख्याचे वॉट धरायचे, नव्याचे नव्हे.

वॉटमधला फरक: इथेच दुकानातला हिशेब घसरतो

दुकानदाराने केलेला हिशेब मी त्याच्याकडून समजून घेतला. "साधा पंखा ७५ वॉटचा, हा ३० चा. ४५ वॉट वाचले. चोवीस तास चालवला तर महिन्याला ३२ युनिट, दहा रुपयांनी सव्वातीनशे रुपये. बाराशे पन्नास चार महिन्यांत सुटले." गुणाकार बरोबर आहे, पण ७५ वॉट हा आकडा त्याच्या दुकानातल्या साध्या पंख्याचा नव्हताच.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टारचं लेबल सक्तीचं झालं. पंख्याचे स्टार ठरतात ते सर्व्हिस व्हॅल्यूवरून, म्हणजे एका वॉटमागे पंखा मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो यावरून. नेहमीच्या ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या पंख्याला एक स्टार मिळवायला २०२४ मध्ये ही व्हॅल्यू निदान ४ लागायची आणि पाच स्टारसाठी निदान ६. असा पंखा मिनिटाला २१० घनमीटरच्या आसपास हवा देतो. २१० ला ४ ने भागलं की ५२ येतात. म्हणजे दुकानातला एक स्टारचा नवा पंखा ५२ वॉटच्या आसपासचा असतो. ७५ वॉटचा असतो तो तुमच्या घरात पंधरा वर्षं फिरणारा जुना पंखा.

आत्याच्या पाच स्टारच्या पंख्याच्या खोक्यावर ३० वॉट लिहिलं होतं. म्हणून दोन नव्या पंख्यांमधला खरा फरक २२ वॉट, दुकानदाराने सांगितल्याच्या निम्म्याहून कमी. ४५ वॉटचा फरक खरा आहे, पण तो जुन्या किंवा रिवाइंड केलेल्या पंख्याशी तुलना केली तरच.

खोक्यावर वॉटच्या शेजारी हवेचा आकडाही बघा. वॉट कमी आणि हवाही कमी, असा पंखा घेतला तर वीज वाचते पण घाम जात नाही, मग शेजारी टेबल फॅन लागतो आणि वाचलेलं सगळं त्यात जातं.

जुन्या पंख्याचे वॉट कसे कळणार? त्यावरचा स्टिकर बहुधा धुळीने पुसलेला असतो. पण घरच्या वीजमीटरवरच ते मोजता येतात, आणि यंत्र विकत घ्यावं लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. आकडा वेगळाही असू शकतो, आपल्या मीटरवरचा वाचायचा. ३२०० चा अर्थ, एक युनिट जळेपर्यंत दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो.

घरातलं सगळं बंद करायचं. फ्रिज, राउटर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर, आणि मुख्य म्हणजे इन्व्हर्टर. इन्व्हर्टर चार्ज होत असेल तर तो गुपचूप वीज ओढत राहतो आणि मोजमाप साफ चुकतं. आता दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. थांबला नाही तर अजून कुठेतरी काहीतरी चालू आहे, ते शोधायचं. मग फक्त तो एक पंखा लावायचा, तुम्ही नेहमी ठेवता त्याच वेगावर. दोन मिनिटं थांबून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर दहा लुकलुक व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. पहिली लुकलुक शून्य धरायची, नाहीतर नऊच मोजल्या जातात.

```
वॉट = ३६,००,००० ÷ (मीटरवरचा imp/kWh आकडा × एका लुकलुकीचे सेकंद)
```

३२०० च्या मीटरला हे आणखी सोपं होतं: ११२५ ला सेकंदांनी भागायचं. आत्याचा हॉलमधला पंखा जळालेला होता, म्हणून त्याच्याच बरोबर घेतलेला बेडरूममधला पंखा मोजला. जिन्याखालच्या मीटरपाशी मी उभा आणि वर बटणापाशी आत्या. दहा लुकलुकींना १५० सेकंद लागले, म्हणजे एकीला पंधरा. ११२५ भागिले १५, ७५ वॉट.

काही जण क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून त्याला २३० ने गुणतात. ते करू नका. पंख्याला आणि एलईडीला तो गुणाकार खऱ्या वॉटपेक्षा जास्त आकडा देतो, आणि घरगुती बिल खऱ्या युनिटवर येतं.

पंखा कायम तीन नंबरवर ठेवणाऱ्यांनी तीन नंबरवरच मोजावं. कमी वेगावर दोन्ही पंखे कमी वीज घेतात, बीएलडीसी तर अगदी थोडी. पण दोघांमधलं वॉटचं अंतर बहुधा पूर्ण वेगापेक्षा कमी होतं, आणि आपल्याला अंतरच हवं आहे. पूर्ण वेगाचा फरक धरून हिशेब केला तर बचत फुगते.

तास: वर्षाचे तीन भाग करा

"पंखा रोज किती तास चालतो?" असं विचारलं की कोणीही उन्हाळ्यातला दिवस डोळ्यांसमोर आणून सांगतो. त्यापेक्षा वर्षाचे तीन तुकडे करावेत. आत्याच्या हॉलमध्ये दिवसभर माणसं असतात आणि रात्री दोघं तिथेच झोपतात. मार्च ते जूनमध्ये तिथला पंखा सोळा तास चालतो, जुलै ते ऑक्टोबरमध्ये बारा, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत दुपारचे पाचेक तास. कोकणात पावसाळ्यातही दमटपणामुळे पंखा थांबत नाही, आणि महाबळेश्वरला हा हिशेब करण्याची गरजच पडणार नाही. आपापल्या गावाप्रमाणे आकडे लिहा.

आता २२ वॉटच्या फरकाने महिन्याला किती युनिट वाचतात? उन्हाळ्यात २२ × १६ × ३० ÷ १०००, म्हणजे १०.५६. पावसाळ्यात ७.९२. हिवाळ्यात ३.३.

दर: वाचणारं युनिट सगळ्यात वरचं असतं

चारही आकड्यांत मला हा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक लोक नेमका हाच चुकवतात. नेहमीची पद्धत अशी: बिलाची एकूण रक्कम घ्यायची, युनिटनी भागायची आणि आलेला सरासरी दर वापरायचा. पण पंखा कितीही कमी खाणारा घेतला तरी बिलातला स्थिर आकार एक रुपयाने कमी होत नाही. शिवाय आपल्याकडचे दर टप्प्यांचे आहेत. पहिली शंभर युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, पुढची आणखी महाग. वीज वाचते तेव्हा युनिट खालच्या स्वस्त टप्प्यातून जात नाहीत, वरून जातात. भरलेल्या हंड्यातून वाटीभर पाणी काढावं तसं.

महावितरणचे २०२४-२५ चे घरगुती दर घेऊ. पहिल्या शंभर युनिटना वीज आकार ४.७१ रुपये, १०१ ते ३०० ला १०.२९, आणि प्रत्येक युनिटमागे वहन आकार १.१७. या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून शंभराच्या वरचं एक युनिट वाचलं तर

१०.२९ + १.१७ = ११.४६, त्यावर १६ टक्के धरून १३.२९ रुपये वाचतात.

शंभराच्या आतलं वाचलं तर

४.७१ + १.१७ = ५.८८, त्यावर १६ टक्के धरून ६.८२ रुपये.

एकाच पंख्याचं एकच युनिट, पण किंमत जवळपास दुप्पट. दर बदलत राहतात, म्हणून तुमच्या ताज्या बिलामागचा तक्ता बघून स्वतःचे दोन आकडे काढा. बिलात इंधन समायोजन आकार लागलेला असेल तर शुल्क लावण्याआधी तोही मिळवा. भाड्याच्या घरात सबमीटर असेल आणि घरमालक एकाच ठरावीक दराने पैसे घेत असतील, तर हे सगळं सोडून तोच दर वापरायचा.

आत्याचं बिल उन्हाळ्यात २१० युनिटच्या आसपास येतं, पावसाळ्यात १५०, आणि हिवाळ्यात ९०. म्हणजे आठ महिने तिचं वाचलेलं युनिट १३.२९ चं आणि चार महिने ६.८२ चं. सरासरी दर धरला असता तर उन्हाळ्यातली बचत कमी दिसली असती आणि हिवाळ्यातली जास्त.

घरातले सगळे पंखे एकदम बदलायचे असतील तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दीडशे युनिटच्या महिन्यात वरच्या टप्प्यात फक्त पन्नास युनिट आहेत. जुने चार पंखे काढून सोळा-सोळा युनिट वाचवली तर चौसष्ट होतात. त्यातली पन्नास महाग दराने वाचतील आणि उरलेली चौदा स्वस्त दराने. चौथ्या पंख्याचे पैसे त्यामुळे पहिल्यापेक्षा उशिरा फिटतात. म्हणून आधी सगळ्यात जास्त चालणारा पंखा बदलावा, पुढच्याचा हिशेब नव्याने करावा.

आता महिन्यांची बेरीज

| महिने | वाचलेली युनिट | दर | महिन्याची बचत |
|---|---|---|---|
| मार्च–जून | १०.५६ | १३.२९ | १४० |
| जुलै–ऑक्टोबर | ७.९२ | १३.२९ | १०५ |
| नोव्हेंबर–फेब्रुवारी | ३.३० | ६.८२ | २२ |

बचतीतले सुटे पैसे मी सोडून दिले आहेत. फिटायचे आहेत १,२५० रुपये. इथे सूत्रातल्यासारखा सरळ भागाकार करण्यापेक्षा उधारीच्या वहीसारखी बेरीज मांडावी. मार्चच्या सुरुवातीला पंखा बसला. जूनअखेर ५६० फिटले, ऑक्टोबरअखेर ९८०, आणि पुढच्या फेब्रुवारीअखेर १,०६८. मार्चमध्ये १,२०८, एप्रिलमध्ये १,३४८. म्हणजे चौदाव्या महिन्यात पैसे फिटले आणि त्यानंतर जे वाचेल ते आत्याचं.

हाच पंखा नोव्हेंबरमध्ये घेतला असता तर? पहिल्या चार महिन्यांत जेमतेम ८८ रुपये फिटले असते. मग उन्हाळा आणि पावसाळा धरून ऑक्टोबरअखेर १,०६८, दुसऱ्या फेब्रुवारीअखेर १,१५६ आणि मार्चमध्ये १,२९६. म्हणजे सतरा महिने. पंखा तोच, घर तेच, फक्त खरेदीचा महिना बदलला आणि तीन महिने वाढले. कोणी "इतक्या महिन्यांत फिटतात" असं म्हटलं की कुठल्या महिन्यापासून, हेही विचारायला हवं. दिवाळीच्या सवलतीत पंखा घेताना हे ध्यानात ठेवा. ती सवलत दोनअडीचशेची असेल तर थांबण्यापेक्षा तेव्हाच घेणं बरं, कारण थांबलात तर सवलत जाते आणि हिवाळ्यात वाचणारे ८८ रुपयेही.

आता रिवाइंडिंगशी तुलना. वाइंडिंगवाल्याला द्यायचे ४५० वाचले आणि भंगाराचे २०० मिळाले, म्हणून पाच स्टारच्या पंख्याचा जास्तीचा खर्च २,८५० वजा ६५०, म्हणजे २,२०० रुपये. फरक ४५ वॉटचा. उन्हाळ्यात महिन्याला २१.६ युनिट म्हणजे २८७ रुपये, पावसाळ्यात १६.२ युनिट म्हणजे २१५, हिवाळ्यात ६.७५ युनिट म्हणजे ४६. वर्षाचे २,१९२. बरोबर बारा महिन्यांनी आठ रुपये कमी पडतात. ४५० रुपयांची स्वस्त दुरुस्ती एका वर्षात नव्या पंख्याइतकी महाग पडली असती. जास्त चालणारा पंखा असेल तर रिवाइंडिंग करू नका, असं मी आता सगळ्यांना सांगतो. वर्षातून महिनाभर चालणाऱ्या खोलीतला असेल तर खुशाल करा.

आणि हॉलमधला ७५ वॉटचा पंखा जळालेला नसता, धडधाकट चालू असता, तर २,८०० फिटायला लागले असते. फेब्रुवारीअखेर २,१९२, मग मार्च, एप्रिल, मे. पंधरा महिने. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे बरंच लवकर निघालं.

बसवताना आणि नंतर

बीएलडीसी पंख्याचा वेग त्याच्या आतलं सर्किट ठरवतं. भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मध्ये राहिला तर ते सर्किट बिघडू शकतं. खोक्यावर रेग्युलेटरवर चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर इलेक्ट्रिशियनला रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला सांगा. पंखा तुमच्यासमोर रिमोटच्या सगळ्या वेगांवर चालवून बघा.

आठवड्याने मीटरपाशी पुन्हा उभे राहा. आत्याच्या नव्या पंख्याला दहा लुकलुकींना सहा मिनिटं वीस सेकंद लागले, म्हणजे एकीला ३८. ११२५ भागिले ३८, साडेएकोणतीस वॉट. खोक्यावरचा आकडा खरा निघाला. तो चाळीसच्या वर गेला असता तर वॉरंटीत पंखा परत करण्याचं ते कारण होतं. नुसतं बिल बघून हे कळत नाही. पाहुणे आले, फ्रिजचं दार सैल झालं, पाऊस लांबला, यातल्या कशानेही दहा-वीस युनिट इकडेतिकडे होतात. बिलाशी तुलना करायचीच असेल तर गेल्या महिन्याशी नको, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

शेवटची पडताळणी वॉरंटीची. साध्या पंख्याचा बहुधा कंडेन्सर जातो, आणि तो शंभर-सव्वाशेत बदलून मिळतो. बीएलडीसीचं सर्किट गेलं तर त्याच कंपनीचं लागतं आणि खर्च बराच जास्त येतो. म्हणून माझा नियम असा: फिटायचे महिने वॉरंटीच्या आत यायला हवेत. आत्याच्या पंख्याला दोन वर्षांची वॉरंटी होती, हिशेब चौदा महिन्यांचा, म्हणून पंखा घेतला.

मग आत्याला उत्साह आला. "बेडरूममधलाही बदलून टाकू का रे?" तो पंखा फक्त रात्री आठ तास चालतो, तोही मार्च ते ऑक्टोबर. ४५ वॉट, आठ तास, महिन्याला १०.८ युनिट, म्हणजे १४३ रुपये, आणि वर्षातले आठच महिने. २,८०० फिटायला अठ्ठावीस महिने लागतात. वॉरंटी चोवीसची. तो पंखा अजून तसाच आहे. जळेल तेव्हा बदलायचा.

बल्बचं काय

बल्बचा हिशेब याच सूत्राने, फक्त उत्तरं फार लवकर येतात. ६० वॉटचा पिवळा बल्ब काढून ९ वॉटचा एलईडी लावला तर फरक ५१ वॉटचा. स्वयंपाकघरात रोज पाच तास धरले तर महिन्याला ७.६५ युनिट, वरच्या टप्प्यात १०१ रुपये. एलईडी शंभर रुपयांचा आणि पिवळा बल्ब वीसचा असेल तर ८० रुपयांचा फरक महिना पुरा व्हायच्या आतच फिटतो. न्हाणीघरात रोज अर्धाच तास लागत असेल तर महिन्याला १० रुपये, तरी आठ महिन्यांत फिटतो. पिवळा बल्ब ठेवावा असं ठिकाण मला घरात सापडलं नाही.

जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा हिशेब मधला. चाळीस वॉटची ट्यूब आणि दहा-बारा वॉट खाणारा चोक, मिळून पन्नासच्या वर जातात. चोकचे वॉट लोक विसरतात. त्या जागी वीस वॉटची एलईडी पट्टी लावली तर तीस वॉट वाचतात. सहा तासांना महिन्याला ५.४ युनिट, ७२ रुपये. पट्टी सव्वादोनशेची असेल तर तीन महिन्यांहून थोडं जास्त.

सीएफएलच्या बाबतीत मात्र घाई नको. १५ वॉटच्या सीएफएलऐवजी ९ वॉटचा एलईडी, म्हणजे सहाच वॉट वाचले. पाच तासांना महिन्याला बारा रुपये, शंभर फिटायला आठ-नऊ महिने. चालू सीएफएल काढू नका, गेला की एलईडी लावा.

बल्बवरच्या स्टारसाठी किती जास्त मोजायचे? इथे पंख्याचा अनुभव उपयोगी पडत नाही. सारख्याच उजेडाच्या दोन एलईडी बल्बांमध्ये एखाद्या वॉटचा फरक असतो. एक वॉट, पाच तास, महिन्याला ०.१५ युनिट, म्हणजे दोन रुपये. त्यासाठी चाळीस रुपये जास्त दिले तर फिटायला वीस महिने लागतील. बल्ब घेताना स्टारपेक्षा ल्युमेन बघा. साठच्या पिवळ्या बल्बचा उजेड सातशे ल्युमेनच्या आसपास असतो, आणि तेवढा उजेड सात-आठ वॉटचा एलईडीही देतो. नऊचा घ्यायलाच हवा असं नाही.

एलईडी बल्बमधला दिवा सहसा जात नाही, जातं ते त्याच्या बुडातलं छोटं सर्किट, आणि ते जातं उष्णतेने. काचेच्या बंद घुमटात बसवलेला बल्ब लवकर मरतो, उघड्या होल्डरमधला टिकतो. वॉरंटीत बल्ब बदलून मिळतो, पण बिल कोणालाच सापडत नाही. आत्याकडे आम्ही आता प्रत्येक बल्बच्या पांढऱ्या बुडाशी पर्मनंट मार्करने दोन नोंदी करतो: विकत घेतल्याचा महिना आणि पैसे फिटायचा महिना. बिलाचा फोटो मोबाइलमध्ये असतो. बल्ब मेला की खाली उतरवायचा आणि कुठली तारीख उलटली ते वाचायचं.